कार्ड फुकट, मशीन महाग : दुतर्फा बाजाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं मी एका बँकेतर्फे दुकानोदुकानी स्वाइप मशीन बसवत फिरलो. कापडवाले, औषधवाले, भांडीवाले, सगळ्यांची पहिली तक्रार ठरलेली: "कार्ड गिऱ्हाइकाच्या खिशात, सोय त्याची, पॉइंट त्याला, आणि पैसे कापायचे माझे?" तेव्हा मी छापील उत्तर द्यायचो आणि सही घेऊन निघायचो. पुढे या विषयाचं अर्थशास्त्र वाचलं तेव्हा कळलं, की दुकानदारांचा प्रश्न बिनतोड होता आणि त्याचं उत्तरही तितकंच मजेदार आहे. त्या वेळी अर्धवट राहिलेली उत्तरं इथे पुरी करतो आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे, कार्ड आणि यूपीआयचं.

दुतर्फा बाजार म्हणजे नेमकं काय?

ज्याला दोन वेगळ्या प्रकारची गिऱ्हाइकं लागतात, आणि एका प्रकारची असल्याशिवाय दुसरी येतच नाहीत, असा धंदा. कार्ड कंपनीचं एक गिऱ्हाईक म्हणजे कार्ड बाळगणारा, दुसरं म्हणजे कार्ड घेणारा दुकानदार. एकही दुकान कार्ड घेत नसेल तर कार्ड म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा. कोणाकडेच कार्ड नसेल तर मशीन गल्ल्याशेजारी धूळ खात पडणार.

अशा धंद्यात 'भाव किती' या प्रश्नाइतकाच 'भाव कोणाकडून किती' हा प्रश्न मोठा असतो. एकूण २०० रुपये मिळवायचे असतील तर दोघांकडून शंभर-शंभर घ्यायचे, की एकाकडून सगळे घ्यायचे, की एकाकडून ३०० घेऊन त्यातले १०० दुसऱ्याच्या हातावर ठेवायचे? साध्या दुकानात हा प्रश्नच उद्भवत नाही. इथे मात्र सगळा धंदा त्यावर उभा राहतो किंवा बसतो. झाँ-शार्ल रोशे आणि झाँ तिरोल या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली हे नीट मांडलं. तिरोल यांना २०१४ साली नोबेल मिळालं, आणि मोठ्या कंपन्यांना वेसण कशी घालावी यावरच्या त्यांच्या ज्या कामासाठी ते मिळालं, त्यातच हेही येतं.

वर्तमानपत्र हे याचंच जुनं रूप. अंक छपाईच्या खर्चापेक्षा स्वस्त विकायचा, वाचक जमवायचे आणि ते जाहिरातदाराला दाखवायचे. पण तिथली गोष्ट एका वाक्यात संपते. कार्डाची संपत नाही.

मग मार्केट यार्डातला अडत्याही दुतर्फाच झाला की! एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याच्या उत्तरात सगळा विषय उलगडतो. नुसते दोन पक्ष असून भागत नाही. कसोटी अशी: एकूण कमिशन तेवढंच ठेवून ते एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर ढकललं, तर धंद्यात फरक पडतो का?

महाराष्ट्रात ही कसोटी प्रत्यक्षच लागली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, वाशीपासून सगळीकडे व्यवहार थांबले. आता सोपा हिशेब करू. समजा, अडत शेकडा ६ आहे. पूर्वी व्यापारी टोमॅटोच्या क्रेटला १०० रुपये बोलायचा आणि शेतकऱ्याच्या पट्टीवर ६ वजा होऊन ९४ हातात यायचे. आता अडत व्यापाऱ्याच्या माथी. पण क्रेटमागे एकूण १०० च्या वर खर्च करायचे नाहीत हे त्याचं गणित तेच आहे. मग तो लिलावात १०० बोलेलच कशाला? तो ९४ च्या आसपास बोलेल, ६ अडत भरेल आणि शेतकऱ्याला पुन्हा ९४ च मिळतील.

लिलावात भाव दर वेळी नव्याने ठरतो, म्हणून कमिशन कोणाच्या नावावर आहे हे त्यात विरघळून जातं. निर्णय निरुपयोगी होता असं मी म्हणत नाही. पट्टीवरच्या कपाती कमी झाल्या की लबाडीची एक जागा कमी होते, आणि भाव जुळून यायला वेळही लागतो. पण तात्त्विक अर्थाने अडत्याचा बाजार दुतर्फा नाही. तो दोघांच्या मधला दलाल आहे.

कार्डाच्या बाबतीत असं विरघळणं होत नाही, कारण साडीवरचा छापील भाव रोखीला आणि कार्डाला एकच असतो. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाशी कमिशन धरून नव्याने भाव ठरवत नाही. त्यामुळे ज्याच्या माथी पैसे मारले, त्याच्याच माथी ते राहतात, निदान त्या व्यवहारापुरते तरी. म्हणून वाटणी महत्त्वाची ठरते.

१०,००० रुपयांची साडी क्रेडिट कार्डावर घेतली. दुकानदाराचे कापलेले पैसे जातात कुठे?

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. दर बँकेगणिक, दुकानागणिक आणि कार्डागणिक बदलतात. पण मांडणी हीच असते.

दुकानदाराच्या करारात दर २ टक्के असेल तर त्याच्या खात्यात ९,८०० जमा होतात. (त्या २०० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३६ रुपये, वेगळा.) या कपातीला एमडीआर म्हणतात. जुन्या पेढीवरच्या भाषेत सांगायचं तर हा वटाव. हे २०० एकाच्या खिशात जात नाहीत. साधारण १५० ते गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातात. या हिश्श्याला इंटरचेंज म्हणतात आणि खरी मेख इथेच आहे. दहा-पंधरा रुपये व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी ज्याचं जाळं असेल त्याचे. उरलेले तीस-पस्तीस मशीन बसवणाऱ्या बँकेचे. त्यातूनच मशीनचा खर्च, कागदाचे रोल आणि माझ्यासारख्याचा पगार.

आता कार्ड देणाऱ्या बँकेचे १५० बघा. ती गिऱ्हाइकाला एक टक्का पॉइंट देते, १०० रुपये गेले. दुकानदाराला पैसे ती लगेच चुकते करते आणि गिऱ्हाईक बिल भरतं सरासरी महिन्याभराने. १०,००० रुपये महिनाभर अडकवायचे, तर साडेसात टक्क्यांनी सुमारे ६० रुपये त्यातच जातात. म्हणजे वेळेवर पूर्ण बिल भरणारं गिऱ्हाईक बँकेला या व्यवहारात दहा रुपये खोटच देऊन जातं.

मग बँक हे करते कशाला? कारण काही गिऱ्हाइकं पूर्ण बिल भरत नाहीत. त्यांच्याकडून महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज मिळतं. आणि कार्ड खिशात असल्याखेरीज ती वेळ येत नाही. म्हणून आधी कार्ड खिशात जायला हवं. फुकट गेलं तरी चालेल, थोडे पैसे देऊन गेलं तरी चालेल.

पण गिऱ्हाइकालाच का गोंजारायचं? उलट का नाही केलं: दुकानदाराला फुकट, गिऱ्हाइकाला फी?

दोन कारणं आहेत.

एक, कोण लवकर पळून जातं ते बघायचं. गिऱ्हाइकाला प्रत्येक स्वाइपला २० रुपये लावा, ते सरळ पाकीट उघडून नोटा काढेल. दुकानदाराला २० रुपये लावा, तो कुरकुर करेल, पण १,००० च्या विक्रीवर अडीचशे सुटत असतील तर ती विक्री हातची घालवणार नाही. जी बाजू भावाला लगेच बिथरते तिला स्वस्त ठेवायचं आणि जी बाजू दुसरीसाठी आसुसलेली आहे तिच्याकडून घ्यायचं, हा या धंद्याचा मूळ नियम.

दुसरं कारण त्याहून रोचक आहे. गिऱ्हाइकाच्या पाकिटात एक-दोन कार्डं असतात आणि बहुतेक वेळा ते एकच पुढे करतं. दुकानदाराकडे मात्र सगळ्या कंपन्यांची कार्डं चालतात. त्यामुळे पाकिटातली ती एक जागा पटकावण्यासाठी बँकांमध्ये चढाओढ लागते. दुकानदारासाठी तशी चढाओढ होत नाही, कारण तो सगळ्यांनाच हो म्हणून बसलेला असतो. त्या विशिष्ट गिऱ्हाइकापर्यंत पोचायचा रस्ता त्याच्या कार्डातूनच जातो आणि त्या रस्त्यावर टोलनाका बसतो. चढाओढीत बँका जे उधळतात ते पॉइंट आणि विमानतळावरच्या लाउंजच्या रूपाने गिऱ्हाइकाला मिळतं. भरपाई टोलमधून होते.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. साध्या बाजारात स्पर्धा वाढली की भाव उतरतो. इथे कार्ड देणाऱ्या बँकांमधली स्पर्धा वाढली की दुकानदाराचा दर चढू शकतो, कारण जे जाळं बँकेला जास्त इंटरचेंज देईल त्याचंच कार्ड बँक लोकांच्या हाती देते.

पहिल्या दिवशी काय करतात? कार्ड नाही तर दुकान नाही, दुकान नाही तर कार्ड नाही.

कोंबडी आधी की अंडं, तसलाच प्रकार. आणि उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघालं आहे: एका बाजूला फुकट वाटून आत ओढा.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब सुरू झाला तेव्हा रेस्टॉरंटांकडून बिलाच्या ७ टक्के घेतले जात आणि कार्डधारकाची वर्षाची फी नाममात्र होती. सात टक्के म्हणजे आजच्या मानाने डोळे पांढरे करणारा दर. पण तेव्हा कार्डावर जेवणारी माणसं खर्चाला सैल हाताची होती, आणि मालकांना ती हवी होती.

त्याहून धाडसाचा प्रकार सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात झाला. बँक ऑफ अमेरिकाने तिथल्या सुमारे ६०,००० लोकांना न मागता टपालाने कार्डं पाठवून दिली. अर्ज नाही, फी नाही, चालू कार्ड थेट घरी. दुकानदारांना सांगता आलं, 'गावात साठ हजार कार्डं आहेत, आता बोला.' शेकडो दुकानं सामील झाली. एका गावापुरतं का होईना, अंडं आणि कोंबडी एकाच दिवशी हजर केली गेली.

मात्र फुकट वाटण्याची किंमत मोजावी लागली. बँक याच पद्धतीने राज्यभर पसरली तेव्हा चोरीची कार्डं आणि बुडवलेली बिलं यांनी तिला जेरीला आणलं. थकबाकी ४ टक्के राहील असा अंदाज होता, ती २२ टक्क्यांवर गेली आणि योजनेच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. तरीही कार्ड टिकलं. १९७६ मध्ये त्याचंच नाव व्हिसा झालं.

दुकानदार सरळ 'कार्ड घेत नाही' असं का म्हणत नाही?

एकट्याने म्हणून बघा. शेजारचा घेतो, गिऱ्हाईक शेजारी जातं. दोन टक्के वाचवायला जाऊन पंचवीस टक्के नफ्याची विक्री गमवायची. सगळ्यांनी मिळून नकार दिला तर दर उतरेल, पण सगळे कधी एकत्र येत नाहीत. म्हणजे कार्ड घेऊन सगळ्या दुकानदारांची मिळून विक्री फारशी वाढत नाही, ती नुसती या दुकानातून त्या दुकानात जाते, आणि तरीही प्रत्येकाला कार्ड घ्यावंच लागतं.

शिवाय करारातली कलमं. व्हिसाचं एक कार्ड घेतलं की त्या नावाची सगळी घ्यावी लागतात, हा कार्ड जाळ्यांचा जुना नियम. साधं कार्ड चालेल, पण ज्यावर इंटरचेंज जास्त आहे ते काळं-सोनेरी नको, असं म्हणता येत नाही. अमेरिकन एक्स्प्रेसच्या करारात तर 'दुसरं कार्ड असेल तर ते द्या' असं गिऱ्हाइकाला सुचवायलाही मनाई होती. त्यावर अमेरिकेत खटला झाला आणि २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. बहुमताचं म्हणणं असं, की दुकानदाराचा दर चढला एवढं दाखवून भागत नाही. हा दुतर्फा बाजार आहे, तेव्हा दुसऱ्या बाजूला कार्डधारकांना काय मिळालं तेही धरून एकूण नुकसान दाखवा. अर्थशास्त्राची एक संकल्पना थेट निकालपत्रात जाऊन बसली. ती नीट बसली का यावर वाद आहे, आणि माझं मत अल्पमतातल्या चौघांच्या बाजूचं आहे.

दुकानात 'कार्डवर २% जादा' अशी पाटी असते. हे चालतं का?

डेबिट कार्डाला चालत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात बँकांना बजावलं आहे, की दुकानदाराने एमडीआर गिऱ्हाइकावर टाकू नये. क्रेडिट कार्डाची मनाई बहुधा दुकानदार आणि बँक यांच्यातल्या करारात असते, आणि ती सर्रास मोडली जाते. सोनाराकडे, मोबाइलच्या दुकानात, जिथे नफ्याची टक्केवारी मुळात बारीक असते तिथे, हे हमखास दिसतं. पेट्रोल पंपावर तर अधिभार उघड लावला जातो आणि बरीच कार्डं तो परत करतात. कारण पेट्रोलचा भाव पंपवाला ठरवत नाही, त्याचं कमिशन लिटरमागे ठरलेलं असतं. दोन टक्के तो कशात मुरवणार?

कायदा बाजूला ठेवू. अर्थशास्त्राच्या नजरेने ही पुठ्ठ्याची पाटी फार खोडकर आहे. साडीवर २०० जादा लावले की गिऱ्हाईक हिशेब करतं: पॉइंट मिळणार १०० चे, द्यायचे २००. मग कार्ड पाकिटात परत जातं. दुकानदाराच्या माथी मारलेली फी त्याने गिऱ्हाइकाच्या माथी परत मारली, म्हणजे कार्ड कंपनीने इतक्या हिकमतीने केलेली वाटणी एका पाटीने पुसली. सगळ्यांनीच असं केलं तर इंटरचेंज कितीही ठेवा, फरक पडणार नाही. एका हाताने दिलेला पॉइंट दुसऱ्या हाताने जाईल आणि हा बाजार टोमॅटोच्या लिलावासारखा होईल. जादा आकारणीवर बंदी घालायला कार्ड कंपन्या जगभर का झटतात, ते आता लक्षात येईल.

'रोखीने घेतलंत तर दोन टक्के सूट' हा त्याच गोष्टीचा सभ्य अवतार. हिशेबात फरक शून्य, कानाला मात्र बरं वाटतं.

रोखीने घेणाऱ्याचं यात काही जातं का?

जातं. समजा, एका दुकानात दिवसाला १०० गिऱ्हाइकं, प्रत्येकाची खरेदी १,००० रुपयांची, एकूण विक्री एक लाख. त्यातले ४० जण क्रेडिट कार्ड वापरतात. ४०,००० वर २ टक्के म्हणजे ८०० रुपये गेले. दुकानदार हे वर्षभर खिशातून भरत नाही. वर्ष-सहा महिन्यांत ते भावात मुरतात, सगळ्यांच्याच, कारण भाव एकच. लाखावर ८०० म्हणजे हजारामागे ८ रुपये.

आता कार्डवाला ८ रुपये जास्त देतो आणि १० रुपयांचे पॉइंट घेऊन घरी जातो. रोखवाला ८ रुपये जास्त देतो आणि पिशवी घेऊन घरी जातो. क्रेडिट कार्ड बहुधा पगारदार, मिळवत्या माणसाकडे असतं. म्हणजे थोडे थोडे पैसे खालून वर सरकत राहतात, आणि हे कोणत्याच बिलावर छापलेलं नसतं. रकमा बारीक आहेत, स्पर्धा कडक असेल तर काही भाग दुकानदाराच्या नफ्यातूनही जातो, हे मान्य. पण दिशा हीच.

दर वाजवी आहे की जास्त, हे ठरवायचं कसं?

खर्चावरून ठरवता येत नाही, इथेच भलेभले अडकतात. दुकानदाराकडून घेतलेला दर त्याच्या मशीनच्या खर्चापेक्षा जास्त आहे, एवढ्यावरून लूट सिद्ध होत नाही. या धंद्यात एका बाजूने खर्चाच्या वर आणि दुसऱ्या बाजूने खर्चाच्या खाली घेणं ही रीतच आहे.

तिरोल आणि रोशे यांनी यावर एक कसोटी सुचवली, ती मला फार आवडते. तिला प्रवासी कसोटी म्हणू. गल्ल्यासमोर एक परगावचा प्रवासी उभा आहे. पुन्हा या दुकानात तो येणार नाही. साडी निवडून झालेली आहे, खिशात पुरेशी रोकड आहे आणि हातात कार्डही आहे. आता विक्री जाण्याची भीती नाही. अशा वेळी दुकानदार मनातून काय म्हणेल, 'कार्ड द्या' की 'रोख द्या'? रोखीलाही खर्च असतोच: मोजणी, सुट्टे, खोटी नोट, गल्ल्यातली चोरी, बँकेत भरायला गेलेला माणूस. कार्डाचा दर या खर्चाइतका असेल तर त्याला दोन्ही सारखंच वाटेल. 'रोख द्या ना' असं तोंडातून निघालं, तर दर त्याच्या सोयीच्या मानाने जास्त आहे. एरवी तो कार्ड घेतो ते फक्त गिऱ्हाईक जाईल या धाकाने.

हा नुसता पुस्तकी खेळ नाही. युरोपीय संघाने २०१५ मध्ये डेबिट कार्डाचं इंटरचेंज ०.२ टक्के आणि क्रेडिटचं ०.३ टक्के यावर बांधून टाकलं, त्यामागे याच कसोटीचा विचार होता.

सरकारने दर कापला की सगळ्यांचं भलं होतं का?

कापलेले पैसे कुठून तरी निघतात, हे आधी धरून चालावं.

अमेरिकेत २०१० च्या कायद्यातल्या डर्बिन दुरुस्तीने मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांचं इंटरचेंज बांधलं. ऑक्टोबर २०११ पासून व्यवहारामागे २१ सेंट, अधिक रकमेच्या ०.०५ टक्के, अधिक फसवणूक रोखण्यासाठी एक सेंट. आधी सरासरी ४४ सेंट मिळत, ते २४ च्या आसपास आले. बँकांनी काय केलं? डेबिट कार्डावरचे पॉइंट जवळपास बंद झाले आणि 'शिल्लक न ठेवता फुकट खातं' ही सोय आक्रसली. म्हणजे ज्या बाजूला आजवर पोसत होते तिचंच दाणापाणी तोडलं.

आणि एक अनपेक्षित फटका बसला. पूर्वी दोन डॉलरच्या कॉफीवर टक्केवारीच्या हिशेबाने थोडेच सेंट कापले जायचे. कायद्याने २१ सेंट ही कमाल मर्यादा घातली होती, पण जाळ्यांनी तीच सगळ्यांना सरसकट दर म्हणून लावली. मोठ्या खरेदीवाल्या दुकानांचं बिल उतरलं आणि कॉफीवाल्याचं चढलं.

ऑस्ट्रेलियाने वेगळी वाट धरली. २००३ मध्ये तिथल्या रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डाचं इंटरचेंज सुमारे ०.९५ टक्क्यांवरून ०.५५ पर्यंत आणवलं आणि दुकानदारांना जादा आकारणीची मुभाही दिली. पॉइंट रोडावले, कार्डाच्या वार्षिक फी वाढल्या. पण लोकांनी कार्डं टाकून दिली नाहीत. मला यातून एवढं दिसतं, की एकदा दोन्ही बाजू भरगच्च झाल्या की पोसण्याची गरज कमी होते. फ्रेस्नोत जे लागलं ते पन्नास वर्षांनी लागतंच असं नाही.

यूपीआयमध्ये तर दोन्ही बाजू फुकट. मग पैसे भरतं कोण?

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर कायद्याने शून्य आहे. त्याआधी तो पायरीपायरीने खाली आला होता. २०१८ पासून डेबिट कार्डावर छोट्या दुकानदाराला कमाल ०.४० टक्के आणि मोठ्याला ०.९० टक्के अशी रिझर्व्ह बँकेची मर्यादा होती, आणि २,००० पर्यंतच्या व्यवहारांवरचा भार दोन वर्षं सरकारने उचलला. मग तो शून्यच केला.

दोन्ही बाजूंना शून्य म्हणजे तिसरं कोणी तरी हवं. एक तिसरा म्हणजे सरकारी तिजोरी. २०२४-२५ साठी केंद्राने १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली: छोट्या दुकानदाराकडच्या २,००० पर्यंतच्या यूपीआय व्यवहारावर ०.१५ टक्के. म्हणजे १०० रुपयांच्या भाजीमागे १५ पैसे, तेही त्यात गुंतलेल्या बँका आणि ॲप यांच्यात वाटून. आणखी एका तिसऱ्याला दुकानदाराच्या उलाढालीत रस असतो: कर्ज देणारा. टपरीवरचा साउंडबॉक्स 'वीस रुपये प्राप्त हुए' असं ओरडतो, तेव्हा त्या टपरीचा रोजचा गल्ला कुठे तरी नोंदला जात असतो. ज्याच्याकडे वहीखातं नव्हतं त्याचं वहीखातं तयार होतं, आणि त्यावर कर्ज विकता येतं. साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं हा आणखी एक छोटा झरा. थोडक्यात, पूर्वी पैसे भरणारी दुकानदाराची बाजू आता स्वतःच 'फुकट बाजू' झाली आहे आणि पैसे भरणारा दुसरीकडून आणला आहे.

शून्याची एक खोच मात्र लगेच दिसली. रुपे डेबिट कार्डावर इंटरचेंज नाही, व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिटवर आहे. मग बँक स्वतःहून कोणतं कार्ड पुढे करील? देशी जाळ्याला बळ देण्यासाठी केलेल्या नियमाने बँकांना त्याच जाळ्याकडे पाठ फिरवायचं कारण दिलं.

माझ्या क्यूआरवर पैसे आले, पण थोडे कापून आले. यूपीआय फुकट आहे ना?

गिऱ्हाइकाने बहुधा रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले असतील. २०२२ पासून ही सोय आहे. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर नेहमीचंच स्कॅनिंग, तुमच्या साउंडबॉक्सवर नेहमीचाच आवाज, पण आत चाललेला व्यवहार क्रेडिट कार्डाचा. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत काही लागत नाही. त्यापुढे, किंवा तुमची नोंद मोठा दुकानदार म्हणून असेल तर, कार्डासारखाच वटाव कापला जातो. वॉलेटमधून यूपीआयने आलेल्या २,००० वरच्या रकमेलाही एप्रिल २०२३ पासून इंटरचेंज आहे, कमाल १.१ टक्के, आणि तेही गिऱ्हाइकाला दिसत नाही.

तपासायचं असेल तर दिवसाच्या एकूण रकमेकडे पाहू नका. ॲपमधल्या सेटलमेंटच्या यादीत प्रत्येक व्यवहारासमोर पैसे कशातून आले ते लिहिलेलं असतं: खातं, क्रेडिट कार्ड की वॉलेट. कपात फक्त क्रेडिट कार्ड किंवा वॉलेटच्या ओळींवर असेल तर प्रकार हाच. बँक खात्यातून आलेल्या ओळीवरही कपात दिसली, तर मात्र ज्यांनी क्यूआर दिला त्यांच्याकडे लेखी तक्रार करा, आणि त्यात त्या ओळीचा बारा आकडी यूटीआर क्रमांक जरूर टाका. तो नसेल तर तुमची तक्रार पुढे सरकत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडून बघितलं आहे.